ओटीपी टाकायच्या आधी मँडेट वाचा

गेल्या वर्षी पोलादपूरच्या माझ्या चुलतभावाने महाडच्या एका शोरूममधून कर्जावर बाईक घेतली. हप्ता ३,४८० रुपये, एकूण २४ हप्ते, पहिला ५ ऑगस्ट २०२५ला. "दादा, ओटीपी टाकू ना?" म्हणत त्याने ऑटो-डेबिट मँडेटचा स्क्रीनशॉट पाठवला. मी म्हटलं, थांब जरा.

रक्कम १०,०००, पुढे 'मॅक्सिमम'. म्हणजे दर महिन्याला दहा हजार कापणार असं नाही. पण तेवढ्यापर्यंत मागितले तर बँक अडवणार नाही. 'मंथली'च्या जागी 'ॲज अँड व्हेन प्रेझेंटेड', म्हणजे कंपनी मागेल तेव्हा. शेवटचा हप्ता जुलै २०२७चा, मुदत मात्र २०५५पर्यंत! आणि खातं? कॉलेजातलं जुनं, शिल्लक ४१२ रुपये. एमआयडीसीतला पगार येतो दुसऱ्याच खात्यात. पहिलाच हप्ता बाउन्स झाला असता आणि दंड दोन्हीकडून, बँकेचा नि कर्ज कंपनीचा.

त्याने तिथेच बसून मँडेट बदलून घेतलं. पगाराचं खातं, मंथली, मुदत सप्टेंबर २०२७. रक्कम ५,०००वर आली; हप्ता थकला तर दंडासाठी थोडी जागा लागते म्हणाले. ते पटलं. मग टाकला ओटीपी.

आणि हो, कर्ज फिटलं की मँडेट रद्द झालंय ना, ते बँकेकडे तपासा.