चल x आणि रेषीय रूपांतरण

आजच्या व्याख्यानाचा विषय एका साध्या प्रश्नापासून सुरू होतो. दोन आव्यूह, म्हणजे संख्यांच्या दोन चौरस मांडण्या, समोर ठेवल्या असता त्या एकाच रेषीय रूपांतरणाचे वर्णन करतात की दोन भिन्न रूपांतरणांचे, हे कसे ओळखावे? हा प्रश्न उद्भवण्याचे कारण असे, की आव्यूह म्हणजे प्रत्यक्ष रूपांतरण नव्हे. सदिश अवकाशात आधी एक आधार निवडावा लागतो आणि आधार बदलला की त्याच रूपांतरणाचा आव्यूह बदलतो. रूपांतरण एकच, परंतु त्याची वर्णने असंख्य.

उदाहरणादाखल दोन मितींचा वास्तव सदिश अवकाश घेऊ आणि त्याच्या आधारातील सदिशांना u व v म्हणू. पहिले रूपांतरण A हे u चे 3u − v करते आणि v चे u + v करते. दुसरे रूपांतरण B हे प्रत्येक सदिशाची केवळ दुप्पट करते. A च्या आव्यूहातील ओळी (3, 1) व (−1, 1) अशा आहेत, तर B च्या ओळी (2, 0) व (0, 2) अशा आहेत. दोन्हींच्या कर्णावरील संख्यांची बेरीज 4 आहे आणि दोन्हींचा निर्धारकही 4 आहे. त्यामुळे दोन्हींची लाक्षणिक बहुपदी एकच येते: x² − 4x + 4, म्हणजेच (x − 2)². असे असूनही ती रूपांतरणे भिन्न आहेत. B कोणत्याही आधारात मांडले तरी ते दुप्पट करणारेच राहते; ते A चे रूप कधीही घेणार नाही. दोन मितींत हे डोळ्यांना दिसते. मिती दहा असली तर काय करावे?

उत्तराची गुरुकिल्ली अशी, की रूपांतरण आणि सदिश अवकाश यांचा वेगवेगळा विचार न करता दोहोंची मिळून एकच बीजगणितीय रचना करावी. सदिश अवकाशात सदिशांची बेरीज होते आणि सदिशाला संख्येने गुणता येते. आता त्यावर T हे रूपांतरण दिलेले आहे, असे समजा. T पुनःपुन्हा लावता येते आणि मिळालेल्या सदिशांना संख्यांनी गुणून त्यांची बेरीजही करता येते. उदाहरणार्थ, w या सदिशापासून 3T(T(w)) − T(w) + 5w हा सदिश तयार होतो. हे लेखन 3x² − x + 5 या बहुपदीसारखेच दिसते आणि हे साम्य योगायोगाचे नाही. म्हणून एक नियम ठरवावा: x ने सदिशाला गुणणे म्हणजे त्याला T लावणे. सूत्ररूपाने,

x·w = T(w)

हा एकच नियम ठरवला की प्रत्येक बहुपदीने सदिशाला गुणण्याचा अर्थ आपोआप निश्चित होतो. मात्र या गुणाकाराने नेहमीचे नियम पाळले पाहिजेत. विशेषतः f आणि g या दोन बहुपदींच्या गुणाकाराने सदिशाला एकदम गुणले काय किंवा आधी g ने व मग f ने गुणले काय, उत्तर एकच यावयास हवे. T चे घात परस्परांत कोणत्याही क्रमाने लावता येतात आणि T रेषीय असल्याने बेरजेवर व संख्येच्या गुणाकारावर ते नीट पसरते; म्हणून हा नियम पाळला जातो. ज्या रचनेत बेरीज आहे आणि एखाद्या वलयातील घटकांनी गुणाकार करता येतो, तिला त्या वलयावरील मॉड्यूल असे म्हणतात. वलय म्हणजे बेरीज, वजाबाकी व गुणाकार करता येतील, पण भागाकार दरवेळी करता येईलच असे नाही, अशी व्यवस्था. पूर्णांक आणि बहुपदी ही तिची दोन परिचित उदाहरणे. तेव्हा T ने युक्त असलेला सदिश अवकाश म्हणजे बहुपदींच्या वलयावरील एक मॉड्यूल होय.

उलट दिशेनेही जाता येते. असे एखादे मॉड्यूल हाती आले, तर त्यातील केवळ स्थिर बहुपदींचा, म्हणजे संख्यांचा, गुणाकार पाहावा. सदिश अवकाश परत मिळतो. मग x ने गुणण्याची क्रिया पाहावी. ती रेषीय असते आणि तेच T होय. या प्रवासात काही हरवत नाही आणि काही नवे शिरतही नाही.

या भाषांतराचे फळ असे, की रूपांतरणांविषयीच्या प्रश्नांना मॉड्यूलांच्या भाषेत नेमके प्रतिशब्द मिळतात. T लावल्यावर ज्याच्याबाहेर कोणताही सदिश जात नाही, असा उपावकाश म्हणजे उपमॉड्यूल. एका मॉड्यूलातून दुसऱ्यात जाणारी रचना सांभाळणारी जोडणी म्हणजे अशी रेषीय जोडणी, की जीत आधी रूपांतरण लावून मग जोडणी केली काय किंवा आधी जोडणी करून मग रूपांतरण लावले काय, फरक पडत नाही. आणि दोन मॉड्यूले समरूप असणे म्हणजेच दोन आव्यूहांनी, आधार बदलून, एकाच रूपांतरणाचे वर्णन करणे. प्रारंभीचा प्रश्न आता असा झाला: ही दोन मॉड्यूले समरूप आहेत काय?

A च्या मॉड्यूलाची पाहणी करू. u पासून आरंभ करून x·u = 3u − v. म्हणून (x − 2)·u = u − v. या u − v ला A लावले असता (3u − v) − (u + v), म्हणजे 2u − 2v मिळते. अर्थात (x − 2)·(u − v) शून्य होते. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, u आणि u − v मिळून संपूर्ण अवकाश व्यापतात, म्हणून सारे मॉड्यूल एकट्या u पासून निर्माण होते. दुसरी, u ला शून्य करणारी सर्वांत लहान घाताची बहुपदी (x − 2)² ही आहे. तेव्हा या मॉड्यूलात गणित करणे म्हणजे बहुपदींना (x − 2)² ने भागून उरलेल्या बाकीचे गणित करणे. B च्या मॉड्यूलात मात्र x − 2 ने प्रत्येक सदिश शून्य होतो आणि एका सदिशापासून केवळ त्याची रेषा मिळते; संपूर्ण अवकाशासाठी दोन सदिश लागतात. एक मॉड्यूल अखंड आहे, दुसरे दोन तुकड्यांचे आहे. लाक्षणिक बहुपदी हा भेद दाखवू शकली नव्हती.

बाकीच्या गणिताचा व्यावहारिक उपयोगही येथेच दिसतो. A हे u ला १०० वेळा लावले तर काय मिळेल? त्यासाठी शंभर पायऱ्यांची आवश्यकता नाही. x चा शंभरावा घात (x − 2)² ने भागला असता बाकी 2¹⁰⁰ + 100·2⁹⁹(x − 2) अशी उरते. तिने u ला गुणले की उत्तर 2⁹⁹(102u − 100v) येते. पडताळा घ्यावयाचा तर १०० च्या जागी २ घ्यावेत: तेथे 2(4u − 2v), म्हणजे 8u − 4v मिळते आणि 3u − v ला प्रत्यक्ष A लावूनही तेच मिळते.

आता मोठ्या आव्यूहासाठी पद्धत पाहू. आव्यूहाच्या कर्णावरील प्रत्येक संख्या x मधून वजा करावी आणि इतर संख्यांची चिन्हे बदलावी. A साठी (x − 3, −1) आणि (1, x − 1) अशा ओळी मिळतात. मग एका ओळीची बहुपदीपट दुसऱ्या ओळीत मिळवणे, ओळींची अदलाबदल करणे, ओळीला शून्येतर संख्येने गुणणे, आणि स्तंभांवर याच क्रिया करणे, एवढ्यांच्या साहाय्याने फक्त कर्णावर बहुपदी उरतील असे करावे, आणि तेही असे, की प्रत्येक बहुपदी पुढचीला निःशेष भागेल. A साठी कर्णावर 1 आणि (x − 2)² उरतात. B साठी आरंभीच x − 2 आणि x − 2 आहेत. 1 कडे दुर्लक्ष करावे. उरलेल्या बहुपदींची यादी हीच मॉड्यूलाची ओळख होय. दोन याद्या तंतोतंत जुळल्या तरच रूपांतरणे एक. या रीतीत एक चूक वारंवार होते: सोयीसाठी एखादी ओळ x − 2 ने भागली जाते. बहुपदींच्या वलयात x − 2 ला व्यस्त नाही, म्हणून तसे करण्यास मुभा नाही. ही चूक झाली की यादीतील बहुपदींच्या घातांची बेरीज अवकाशाच्या मितीहून कमी भरते. त्यावरून ती पकडता येते.

यादी पूर्ण लिहिणे का आवश्यक आहे, हे चार मितींच्या एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. आधार a, b, c, d असा घ्यावा. पहिले रूपांतरण a चे b करते, c चे d करते आणि b व d यांना शून्य करते. दुसरे रूपांतरण a चे b करते आणि b, c, d या तिघांना शून्य करते. दोन्हींची लाक्षणिक बहुपदी x⁴ आहे आणि दोन्ही दोनदा लावली की सर्व सदिश शून्य होतात. म्हणजे दोन्हींची लघुतम बहुपदीही x² हीच आहे. परंतु पहिल्याची यादी x², x² अशी आहे आणि दुसऱ्याची x, x, x² अशी. पहिल्यात x ने शून्य होणाऱ्या सदिशांचा उपावकाश दोन मितींचा आहे, दुसऱ्यात तीन मितींचा.

ही रीत मुळात पूर्णांकांसाठी सापडली. गणिती हेन्री स्मिथ यांनी १८६१ मध्ये पूर्णांकांच्या आव्यूहांना असे कर्णरूप देता येते हे दाखविले. १८६८ मध्ये जर्मन गणिती कार्ल वायरस्ट्रास यांनी बहुपदींच्या बाजूने मूलभूत भाजकांचा सिद्धांत मांडला. पूर्णांकांत आणि बहुपदींत बाकी ठेवून भागाकार करता येतो. दोन्हीकडे एकच युक्तिवाद चालतो तो याच कारणाने. चार घटकांचे क्रमनिरपेक्ष गट दोनच प्रकारचे आहेत: एका घटकापासून निर्माण होणारा आणि दोन घटकांची गरज असणारा. A आणि B यांच्यातील भेद नेमका याच जातीचा आहे. १९२० च्या दशकात गटिंगेन येथे एमी नोएथर यांनी मॉड्यूल ही संकल्पना बीजगणिताच्या केंद्रस्थानी आणली आणि व्हान डर वार्डेन यांच्या १९३०-३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्विखंडी ग्रंथाद्वारे ही दृष्टी सर्वत्र पसरली.

अखेरीस या भाषेच्या मर्यादा नोंदविणे अगत्याचे आहे. यादीचे हे प्रमेय सांत मितीच्या अवकाशांना लागू पडते. सर्व बहुपदींच्या अनंत मितीच्या अवकाशावर अवकलन हे रूपांतरण घेतले, तर प्रत्येक बहुपदी पुरेशा वेळा अवकलन केल्यावर शून्य होते, पण सर्वांना एकदम शून्य करणारा एकही घात नाही. तेथे यादी अपुरी पडते. दुसरी मर्यादा अशी, की एका चलात एकच रूपांतरण सामावते. S आणि T ही दोन रूपांतरणे दिली आणि त्यांचा क्रम बदलल्याने उत्तर बदलत असेल, तर x व y या दोन चलांची नेहमीची बहुपदी उपयोगी पडत नाही, कारण तीत xy आणि yx एकच असतात. तेथे चलांचा क्रम राखणाऱ्या बहुपदी घ्याव्या लागतात. मॉड्यूलाचा विचार तेथेही चालतो; मात्र बाकी ठेवून केलेला भागाकार आणि त्यावर उभारलेली सुटसुटीत यादी, ही दोन्ही हातची जातात.