लोकलचा आवाज कुणाचा?



माझी भाची घाटकोपरला राहते. घाटकोपर स्टेशनवर तिनं पॉडकास्टचा एक भाग केला. मध्य रेल्वेची लोकल आणि वर्सोव्याची मेट्रो, दोन्हींची गर्दी तिथं कशी एकमेकींत मिसळते, हा विषय. सुरुवातीला लोकल येऊन थांबल्याचा आवाज होता, शेवटी सतारीची एक धून. दोन्ही इंटरनेटवरून घेतलेले. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मामा, सगळं रॉयल्टी-फ्री आहे."

रॉयल्टी-फ्री म्हणजे दर वेळी वाजवल्याचा वेगळा मोबदला द्यावा लागत नाही, एवढंच. फुकट असा त्याचा अर्थ नाही. पुष्कळदा एकदा पैसे भरून परवाना घ्यावा लागतो. हक्क सहसा कलाकाराकडेच राहतो आणि वापर कसा करायचा ते परवाना ठरवतो. म्हणून आम्ही दोघं, आवाज आणि धून जिथून घेतली होती ती पानं पुन्हा उघडून बसलो.

लोकलच्या आवाजाखाली CC BY-NC 4.0 असं लिहिलं होतं. BY म्हणजे श्रेय द्या, NC म्हणजे व्यावसायिक वापर नको. तिनं श्रेय दिलं होतं. पण मधल्या काळात एका फरसाणवाल्यानं पैसे देऊन त्या भागात जाहिरात घातली होती. पॉडकास्ट हौसेचा असला, तरी आता त्यातून कमाई होत होती. तो आवाज काढावा लागला. त्या जागी CC0 लिहिलेला दुसरा घेतला. त्याला अशी कुठलीच अट नसते.

धुनेचा पेच खरा नाजूक होता. तिच्यावर CC BY-ND 4.0 होतं, ND म्हणजे फेरफार केलेली आवृत्ती लोकांना देऊ नका. पॉडकास्टच्या शेवटी धून अखंड, जशीच्या तशी वाजत होती, तिथं अडचण नव्हती. पण भाचीनं त्याच भागाचा व्हिडिओ केला आणि गाड्यांच्या चित्रीकरणावर ती धून बसवली. या परवान्याच्या व्याख्येत हलत्या चित्राशी वेळ जुळवून संगीत बसवणं म्हणजेच फेरफार. एकही सूर बदलला नव्हता, तरीही! व्हिडिओतून धून उतरली.

अशा CC परवान्याची अट मोडली की तो आपोआप संपतो. मात्र 4.0 आवृत्तीत, चूक लक्षात आल्यापासून 30 दिवसांत ती दुरुस्त केली, तर तो पुन्हा लागू होतो. ही सवलत फार थोड्यांना ठाऊक असते.

आता भाची कुठलीही क्लिप डाउनलोड करतानाच तिच्या पानाचा स्क्रीनशॉट घेते, तारखेसकट. कलाकारानं उद्या पानावरचा परवाना बदलला, तरी आधी दिलेला CC परवाना मागे घेता येत नाही. पण तो दिला होता हे दाखवता यायला हवं. व्हिडिओच्या वर्णनात ती क्लिपचं नाव, कलाकाराचं नाव, मूळ पानाचा दुवा आणि परवाना, अशी एक ओळ लिहिते. त्या ओळीतलं क्लिपचं नाव स्क्रीनशॉटच्या फाइललाही देते.