आजींचं गोंदण कुठं गेलं?

आमच्या गटाच्या नाचणी पापडाच्या पुड्यावर आम्हाला पापड लाटणाऱ्या आजींचं चित्र हवं होतं. आजी गटातल्याच. मोबाईलवर त्यांचा फोटो काढला आणि एका अ‍ॅपमध्ये घालून त्याचं रंगवल्यासारखं चित्र करून घेतलं. मिनिटभरात झालं आणि लांबून झकासही दिसलं. पण आजींनी मोबाईल हातात घेतला, डोळे बारीक केले आणि विचारलं, "ही कोण गं? माझं गोंदण कुठं गेलं?"

मग आम्ही नीट बघितलं. हनुवटीवरचे तीन ठिपके गायब. लाटण्यावरच्या हाताला सहा बोटं. बांगड्या मनगटाच्या कातडीत विरघळलेल्या. असं चित्र पुड्यावर छापलं असतं, तर गिऱ्हाईकाच्या आधी गावच हसलं असतं. ते आम्ही लॅपटॉपवर हाताने दुरुस्त केलं. त्यासाठी क्रिटा नावाचा चित्रं काढायचा प्रोग्राम वापरला. तो फुकट मिळतो आणि साध्या माऊसनेही चालतो.

रंगाला हात लावण्याआधी मापाचं बघा. आमचं लेबल दहा सेंटिमीटर रुंद. स्वच्छ छपाईला इंचाला तीनशे ठिपके धरतात, म्हणजे चित्र साधारण 1200 ठिपके रुंद हवं. आमचं 1024 चं होतं, म्हणून आधी मोठं करून घेतलं. मोठं केल्याने यंत्राचं चित्र स्पष्ट होत नाही, पण त्यावरचे आपले फटकारे तरी नेमके उमटतात.

आता लेयर. लेयर म्हणजे चित्रावर ठेवलेली काच समजा. खाली यंत्राचं चित्र, त्याला कुलूप. त्यावर तीन रिकाम्या काचा आणि त्यांना नावं: डोळे, हात, कडा. हे वेगळं ठेवायचं कारण मला चुकूनच कळलं. पहिल्यांदा मी सगळं एकाच लेयरवर रंगवलं. हात छान जमला, डोळा बिघडला, आणि डोळा खोडताना शेजारचं चांगलं कामही गेलं. वेगळ्या लेयरवर असलं, की फक्त डोळ्यांची काच पुसायची, हात जिथल्या तिथं राहतो.

डोळे आधी घ्या, कारण ओळख तिथंच असते. मूळ फोटो शेजारी उघडा ठेवा. यंत्राने आजींचे डोळे मोठे केले होते, वरची झुकलेली पापणी काढून टाकली होती, आणि एका डोळ्यातली चमक डावीकडे तर दुसऱ्यातली उजवीकडे. उजेड एकाच खिडकीतून येत होता, मग चमक दोन बाजूंना कशी? ब्रश हातात असताना Ctrl दाबून शेजारच्या कातडीवर क्लिक केलं, की तोच रंग ब्रशला लागतो. त्या रंगाने आधी फुगलेला भाग झाकला, मग पापणी खाली आणली, शेवटी चमक दिली. मधूनमधून M दाबत जा. चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं आणि तिरका डोळा लगेच नजरेत भरतो. गोंदणाचे ठिपकेही मी याच लेयरवर दिले.

हातात मात्र वेळ जातो. जादा बोट पुसलं की झालं, असं मला वाटलं होतं. पुसल्यावर पंजा तुटल्यासारखा दिसायला लागला, कारण उरलेली बोटं सहा धरूनच पसरलेली होती. मग एका मैत्रिणीला लाटणं धरायला लावून त्याच बाजूने फोटो काढला आणि तो बघून अख्खा पंजा नव्याने काढला. आधी अंगठा, मग बोटांच्या पेरांची ओळ, मग बोटं. बांगडी मनगटाला वळसा घालते, म्हणून तिच्या खाली सावलीची बारीक रेघ ओढली, तेव्हा ती कातडीतून सुटून वर आली.

मध्येच ब्रश चालेनासा झाला तर घाबरू नका. बहुतेक वेळा चुकून E दाबलं जाऊन ब्रशचं खोडरबर झालेलं असतं. परत E दाबा. आणि रंग उमटलाच नाही, तर आपण कुलूप लावलेल्या लेयरवर आहोत का, ते बघा.

कडा शेवटी. यंत्राच्या चित्रात पदर आणि मागची भिंत एकमेकांत मिसळली होती. सगळीकडे काळी रेघ मारायचा मोह होतो. मी मारलीही, आणि आजी कागदातून कापून चिकटवल्यासारख्या दिसल्या. त्या रेघा पुसल्या. मग भिंतीचा रंग उचलून पदराच्या बाहेरून रंगवत आणला, तेव्हा पदर आपोआप वेगळा झाला. धारदार कड फक्त चेहऱ्याला आणि हात लाटण्याला टेकतो तिथं ठेवली. पाठीमागची मऊच राहू दिली.

क्रिटाची .kra फाईल जपून ठेवा, तिच्यात लेयर सुटे राहतात. छापखान्याला वेगळी PNG काढून द्या.

आमचं काम दोन दुपारी चाललं. आजींना दाखवलं तर म्हणाल्या, "हां, आता मी आहे. पण पापड जरा गोल कर की." तो अजून बाकी आहे.