फोटोतला पाचवा स्टार आणि ८६४ युनिटचं कोडं

आजचा विषय कसा सुचला ते आधी सांगते. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या एप्रिलमध्ये, नागपूरच्या माझ्या मावसभावाने व्हॉट्सॲपवर दोन फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "ताई, पहिला फाइव्ह स्टार आहे, बावीस हजारात मिळतोय. दुसरा नवीन, पण फोर स्टार, एकोणचाळीस हजार. पहिलाच घेऊन टाकू ना?"

त्याची नोकरी नवी. घर वरच्या मजल्यावर, स्लॅब थेट उन्हात. आणि मावशीला दुपारी त्या खोलीत बसवत नाही, म्हणून ही सगळी धावपळ. सतरा हजारांचा फरक त्याच्यासाठी जवळजवळ एका पगाराएवढा. त्यामुळे "घे रे" म्हणून मोकळं होण्यासारखं नव्हतं. फोटो मोठे करून बघायला बसले.

एसीवरचं ते लेबल तुम्ही पाहिलेलं आहे. वर अर्धवर्तुळात स्टार, खाली मोठ्या आकड्यात वर्षाचे युनिट, त्याखाली बारीक अक्षरांची गर्दी. लेबलचे नियम ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे बीईई, ठरवतं. दुकानात आपली नजर स्टारवर जाते आणि तिथेच थांबते. मी सुरुवात उलट्या टोकाकडून केली, बारीक अक्षरांपासून.

तिथे एक लेबल पीरियड असतो. हे लेबल कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या नियमांनुसार आहे, ते त्यात लिहिलेलं असतं. भावाने पाठवलेल्या पहिल्या फोटोत त्याची सुरुवात होती जानेवारी २०१८. म्हणजे एसी सेकंडहँड तर होताच, पण त्याचे पाच स्टारही जुन्या पट्टीने मोजलेले होते. स्टारची ही पट्टी दर काही वर्षांनी वर सरकवतात. स्प्लिट एसीला २०१८ च्या तक्त्यात पाच स्टार मिळवायला ४.५० पुरत होते. जुलै २०२२ पासून त्यासाठी ५.०० लागायला लागले, आणि ४.४० ते ४.९९ वाल्यांना चार स्टार. जानेवारी २०२६ पासून पट्टी परत वर गेली. दहावीच्या मार्कांसारखं आहे हे. कोणत्या सालचे ते सांगितल्याशिवाय तुलनाच होत नाही.

आता हे ४.५० किंवा ५.०० कसले? लेबलवर ISEER अशी पाच अक्षरं शोधा. आपण त्याला आयएसईईआर म्हणू. एका युनिट विजेत एसी किती युनिट उष्णता खोलीबाहेर काढतो, त्याची ही वर्षभराची सरासरी. जितका मोठा आकडा तितका एसी काटकसरी. बदलत्या पट्टीचा यावर काही परिणाम होत नाही, म्हणून दोन वेगवेगळ्या सालांचे एसी तोलायचे तर आधी हाच आकडा बघायचा. (२०१८ च्या आधीची, नुसता ईईआर छापलेली लेबलं मात्र यात धरू नका. तो आकडा बाहेर ३५ अंश असतानाच्या एकाच चाचणीचा असतो.)

भावाच्या पहिल्या फोटोत हा आकडा होता ४.५१. दुसऱ्यात ४.६२. म्हणजे चार स्टारवाला नवा एसी पाच स्टारवाल्या जुन्यापेक्षा किंचित सरसच! शिवाय ४.५१ हे तो एसी नवा असतानाचं. सहा-सात वर्षं वापरल्यावर, कॉइलवर धूळ बसल्यावर, गॅस थोडा कमी झाल्यावर तो तेवढंच काम करेल असं लेबल म्हणत नाही.

हे मी त्याला कळवलं तर त्याचा लगेच रिप्लाय. "पण ताई, जुन्यावर वर्षाला ८१६ युनिट लिहिलंय आणि नव्यावर ८३४. म्हणजे बिल तर नव्याचंच जास्त ना?"

शंका रास्त होती. पण नव्या लेबलच्या फोटोत फ्लॅशचा पांढरा डाग बरोबर त्या मोठ्या आकड्यावर पडला होता, आणि मधला अंक मला नीट दिसत नव्हता. 3 होता की 6? अशा वेळी मी एक छोटा हिशेब करते. लेबलवर कूलिंग कपॅसिटी वॉटमध्ये लिहिलेली असते. इन्व्हर्टर एसीला दोन आकडे असतात, शंभर टक्क्यांचा आणि पन्नास टक्क्यांचा. आपण शंभरचा घ्यायचा. त्याला हजाराने भागून किलोवॉट करा, ७७५ ने गुणा आणि आयएसईईआरने भागा. वर्षाच्या युनिटच्या अगदी जवळचा आकडा येतो.

नव्याची कपॅसिटी होती ५१५० वॉट. ५.१५ गुणिले ७७५ म्हणजे ३९९१. त्याला ४.६२ ने भागलं की ८६४. म्हणजे तो अंक 3 नव्हता, 6 होता. जुन्याची कपॅसिटी ४७५० वॉट. ४.७५ गुणिले ७७५, भागिले ४.५१, आले ८१६. लेबलशी जुळलं.

हे ७७५ मी मनाने घातलेलं नाही. लेबलसाठी वर्षाला १६०० तास एसी चालला असं धरतात. त्या तासांत बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंशांमध्ये विभागलेलं असतं, आणि बरेचसे तास सौम्य हवेचे असतात. बाहेर २४-२५ अंश असताना एसीला फारसं काम नसतं, ३५ च्या आसपास पूर्ण काम लागतं. असे सगळे कमीजास्त तास एकत्र केले की एसी साधारण ७७५ तास पूर्ण ताकदीने चालल्याइतकं काम होतं. काही दशांश इकडेतिकडे होतात, पण धूसर अंक ओळखायला एवढं पुरतं. आणि हिशेब लेबलशी अजिबातच जुळला नाही, तर समजा की तुम्ही एखादा आकडा चुकीचा वाचलाय किंवा फोटोच दोन मॉडेलची सरमिसळ आहे. ऑनलाइन दुकानांच्या फोटोंत हे होतं. वर्णन यंदाच्या मॉडेलचं, लेबलचा फोटो मागच्या सालचा. अशा वेळी मॉडेल नंबर घेऊन बीईई स्टार लेबल या ॲपवर शोधायचं.

बरं, शंका तर अजून बाकीच होती. ८६४ म्हणजे ८१६ पेक्षा जास्तच की! जास्त, कारण नवा एसी मोठा आहे. विकताना दोन्हींना दीड टनच म्हणतात. पण एक टन म्हणजे ३५१७ वॉट, म्हणजे नेमका दीड टन झाला ५२७५ वॉट. जुना भरतो जेमतेम १.३५ टन, नवा १.४६. लेबल दोघांनाही त्यांच्या त्यांच्या आकाराएवढं काम देतं, त्यामुळे लहान एसीचे युनिट आपोआप कमी दिसतात. लहान डबा कमी भाजीत भरतो, म्हणून तो काटकसरी ठरत नाही. वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या खोलीला लहान एसी लावला तर तो दुपारभर पूर्ण जोरात धापा टाकत बसणार. म्हणून वर्षाच्या युनिटची तुलना वॉट जवळपास सारखे असतील तरच करायची.

पाच स्टार विरुद्ध चार स्टार हा मुद्दा असा निकालात निघाला. वीज जवळजवळ सारखीच. मग प्रश्न उरला तो सतरा हजारांत नवं मशीन, वॉरंटी आणि खोलीला पुरेल अशी कपॅसिटी हवी की नको एवढाच. त्याने चार दिवस विचार केला आणि हप्त्यांवर नवा घेतला. खोली लहान आणि खालच्या मजल्यावरची असती तर मी कदाचित जुनाच घे म्हटलं असतं, तेही सर्व्हिसवाल्याला दाखवून.

गोष्ट इथे संपायला हवी होती. जूनच्या सुरुवातीला मे महिन्याचं बिल आलं आणि त्याचा फोन. आवाज चढलेला. "ताई, लेबल खोटं आहे. ८६४ भागिले बारा म्हणजे महिन्याला ७२ युनिट. मला गेल्या मेपेक्षा २०५ जास्त आलेत!"

ही चूक मीही केली होती, माझ्या पहिल्या एसीच्या वेळी. वर्षाचे युनिट बाराने भागायचे नसतात. एसी बारा महिने सारखा चालत नाही, आणि लेबललाही तसं म्हणायचं नसतं. भागायचं ते १६०० तासांनी. ८६४ भागिले १६०० म्हणजे तासाला सरासरी ०.५४ युनिट. मी त्याला विचारलं, रोज किती तास लावतोस? तो म्हणाला, दुपारी अकरा ते सहा. म्हणजे रोजचे सात, मे महिन्याचे २१७ तास. सरासरीने व्हायला हवे होते ११७ युनिट. झाले २०५. तासाला जवळजवळ एक.

आता उरलेला फरक कुठून आला? ०.५४ ही सगळ्या तासांची सरासरी, त्यात पंचवीस-सव्वीस अंशांचे गार तासही आलेत. माझा भाऊ एसी लावतो नागपूरच्या मेमध्ये, भर दुपारी. तेव्हा बाहेर ४३-४४ अंश असतात, डोक्यावर तापलेला स्लॅब, आणि रिमोटवर त्याने ठेवलेले २० अंश. त्या तासांमध्ये एसीला उसंतच नाही. असा एसी पूर्ण जोरात तासाला दीड युनिटच्या आसपासही खातो. तेव्हा सरासरी एक युनिट म्हणजे तसं बरंच झालं म्हणायचं. शिवाय महावितरणचं बिल स्लॅबने चढतं. एसीचे युनिट घरच्या नेहमीच्या युनिटच्या वर जाऊन बसतात, म्हणजे ते वरच्या, महागड्या दराने लागतात. आकड्यापेक्षा रुपयांचा धक्का मोठा असतो तो यामुळे.

मी त्याला २० चे २५ करायला आणि सोबत पंखा लावायला सांगितलं. मावशी म्हणाली, मला वीसमध्ये थंडीच वाजायची, मी शाल घेऊन बसायचे, पण तुझा भाऊ ऐकत नव्हता. घ्या!

पुढे त्याने मीटरचे फोटो काढून ठेवायची सवय लावून घेतली. नोव्हेंबरमध्ये त्याने मला सगळ्या सीझनचा हिशेब पाठवला. एसी चालला साधारण ६४० तास, एप्रिलच्या शेवटापासून पाऊस लागेपर्यंत आणि नंतर ऑक्टोबरचे काही दिवस. एसीच्या वाट्याचे युनिट आले पाचशेच्या आत. लेबलवरच्या ८६४ पेक्षा बरेच कमी, आणि तरी तासाला ०.५४ पेक्षा जास्त. खाली लिहिलं होतं, "दोन्ही एकदम कसं काय ते आता कळलं. पुढचा प्रश्न फ्रिजचा आहे, फोटो पाठवू का?"

फोटो आलाय. या वेळी फ्लॅश बंद होता.