फोनवर आलेलं ड्रॉईंग कसं वाचावं

भोसरी असो, कोल्हापूरची शिरोली असो की नाशिकचं अंबड, लहान वर्कशॉपमध्ये ड्रॉईंग आता बहुतेक वेळा फोनवर येतं. गिऱ्हाईक टेबलावरच्या कागदाचा फोटो काढतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवतो. खाली एक ओळ असते, "चार नग हवेत, रेट सांगा." फोटो तिरका असतो, एका कोपऱ्यावर बोटाची सावली असते आणि झूम करायला गेलं की आकडे फाटतात. अशा फोटोवरून जॉब बिनचूक करता येतो. त्यासाठी ड्रॉईंगमध्येच असलेल्या ताळ्यांचा उपयोग करता आला पाहिजे. आज एका साध्या शाफ्टचं उदाहरण घेऊन ते ताळे कसे लावायचे, हे सांगतो.

आपला शाफ्ट चार पायऱ्यांचा आहे, एकूण लांबी १२० मिलिमीटर. डावीकडे बेअरिंगची जागा, व्यास २५, लांबी १८. मग मधला जाड भाग, व्यास ३२. मग पुन्हा बेअरिंगची जागा, व्यास २५, लांबी १८. शेवटी पुली बसायची जागा, व्यास २०, आणि त्यात कीची खाच.

फोटो उघडला की नजर आधी मोठ्या आकड्यांकडे जाते. तिला उजवीकडच्या खालच्या कोपऱ्याकडे, म्हणजे टायटल ब्लॉककडे न्या. फोटोत तो कापला गेला असेल, तर रेट सांगण्याआधी त्याचा वेगळा फोटो मागवा. त्या चौकटीतल्या पाच गोष्टी कळल्याशिवाय वरच्या एकाही आकड्याला नेमका अर्थ येत नाही.

पहिली गोष्ट ड्रॉईंग नंबर आणि रिव्हिजन. ऑर्डरवर रिव्हिजन 'सी' लिहिली असेल आणि फोटोत 'बी' दिसत असेल, तर आपल्या हातात जुना कागद आहे. दुसरी गोष्ट एकक, मिलिमीटर की इंच. तिसरी मटेरियल. चौथी प्रोजेक्शनची खूण. तिच्यात एक कापलेला शंकू आणि एकात एक दोन वर्तुळं असतात. शंकू डावीकडे आणि वर्तुळं उजवीकडे असतील, तर ती फर्स्ट अँगल पद्धत. आपल्याकडे हीच शिकवली जाते. वर्तुळं डावीकडे आणि शंकू उजवीकडे असेल, तर थर्ड अँगल. अमेरिकी ड्रॉईंग बहुधा अशी असतात. गोल शाफ्टला या फरकाने फारसं बिघडत नाही, पण एका बाजूला भोक असलेल्या ब्रॅकेटला बिघडतं. खूण उलटी वाचली की भोक समोरच्या बाजूला पडतं आणि माल भंगारात जातो.

पाचवी गोष्ट सर्वसाधारण टॉलरन्स, आणि फोटोत नेमकी हीच ओळ सुटते. आपल्या शाफ्टच्या टायटल ब्लॉकमध्ये लिहिलंय, आयएसओ २७६८, पुढे इंग्रजी लहान एम. याचा अर्थ असा, की ज्या मापाशेजारी वेगळं टॉलरन्स दिलेलं नाही, त्याला या कोष्टकातलं मध्यम वर्गाचं टॉलरन्स लागू होतं. मध्यम वर्गात ६ पेक्षा मोठ्या आणि ३० पर्यंतच्या मापाला अधिक-उणे ०.२ मिलिमीटर, ३० पेक्षा मोठ्या आणि १२० पर्यंतच्या मापाला अधिक-उणे ०.३. एमच्या जागी इंग्रजी एफ असेल, तर ते बारीक वर्गाचं कोष्टक होतं आणि हेच आकडे निम्मे होतात, ०.१ आणि ०.१५. एका अक्षराने कामाची अचूकता बदलते, तसा रेटही बदलतो.

चौकटीत स्केलही दिसेल, समजा एकास दोन. ते फक्त मूळ आकाराच्या छापील कागदाला लागू आहे. फोनच्या पडद्यावर बोटांनी कमीजास्त होणाऱ्या चित्राला कसलंच स्केल नसतं. शिवाय तिरक्या फोटोत जवळची बाजू मोठी आणि लांबची बाजू लहान दिसते. म्हणून न दिलेलं माप फोटोवर पट्टी ठेवून किंवा दोन रेषांची तुलना करून कधीही काढू नका.

आता मापांकडे येऊ. धूसर फोटोत ३ आणि ८, ५ आणि ६, ६ आणि ८ एकमेकांसारखे दिसतात. व्यासाची खूण म्हणजे तिरकी रेघ मारलेलं शून्य. रेघ पुसट झाली की व्यास २५ हा आकडा ०२५ असा दिसतो. दशांश चिन्हाचा ठिपका तर सगळ्यांत आधी नाहीसा होतो. युरोपातल्या पुष्कळ ड्रॉईंगवर ठिपक्याऐवजी स्वल्पविराम असतो, हेही ध्यानात ठेवा.

आपल्या फोटोत पुलीच्या जागेची लांबी ३३ आहे की ३८, हे कळत नाही. इथे बेरीज करायची. दोन्ही बेअरिंगच्या जागा १८ आणि १८, मधला भाग ४६, एकूण १२०. पुलीची जागा ३३ धरली तर बेरीज ११५ येते, ३८ धरली तर बरोबर १२०. म्हणजे आकडा ३८ आहे. कोणतीही लांबी शंकास्पद वाटली, की पायऱ्यांची बेरीज एकूण लांबीशी ताडून पाहायची, हा पहिला ताळा.

आता तो ४६ नीट बघा. तो कंसात लिहिलेला आहे. कंसातलं माप फक्त माहितीसाठी असतं, तपासणीसाठी नसतं. त्याचं कारण सरळ आहे. १२० ला अधिक-उणे ०.३, ३८ ला ०.३ आणि दोन्ही १८ ना प्रत्येकी ०.२. मधला भाग या चौघांतून उरतो, म्हणून चौघांची सूट त्याच्यावर जमा होते. तो अगदी टोकाला ४५ किंवा ४७ भरला, तरी बाकीची मापं बरोबर असतील तर जॉब बरोबरच आहे. फोटोत कंस पुसट झाला आणि ४६ लाही ०.३ ची मर्यादा लावली, तर चांगला जॉब उगीच रिजेक्ट होईल. म्हणून आकड्याच्या दोन्ही बाजू झूम करून कंस आहे का ते पाहा.

दुसरा ताळा प्रमाणित भागांचा. कीच्या खाचेची रुंदी ६ दिसते की ८? पुलीच्या जागेचा व्यास २० आहे. समांतर कीच्या प्रमाणित कोष्टकात १७ च्या वर २२ पर्यंतच्या शाफ्टला ६ बाय ६ ची की येते आणि २२ च्या वर ३० पर्यंत ८ बाय ७ ची. म्हणजे इथे ६ असण्याची शक्यता मोठी आहे. पण हा ताळा बेरजेइतका पक्का नाही. डिझायनरने कोष्टकाबाहेरची की घेतलेली असू शकते. तेव्हा असा अंदाज आला की तो गिऱ्हाइकाला विचारून पक्का करायचा.

सगळ्यांत महाग चूक बेअरिंगच्या जागेवर होते. तिथे व्यास २५ आणि पुढे एक लहान इंग्रजी अक्षर आणि ६ आहे. अक्षर के आहे की एच? धूसर फोटोत ही दोन अक्षरं जवळजवळ सारखीच दिसतात. एच सिक्स असेल, तर व्यास २४.९८७ ते २५.००० यांच्या मधे हवा. के सिक्स असेल, तर २५.००२ ते २५.०१५ यांच्या मधे हवा. या दोन मर्यादा एकमेकींना कुठेही शिवत नाहीत. एकीप्रमाणे बरोबर झालेला शाफ्ट दुसरीप्रमाणे नक्की चूक ठरतो.

परिणाम पाहा. २५ च्या साध्या वर्गाच्या बेअरिंगचं भोक २५.००० ते २४.९९० असतं. के सिक्सचा शाफ्ट त्याहून नेहमी थोडा मोठा राहतो, म्हणून आतली कडी घट्ट बसते. एच सिक्सचा शाफ्ट भोकापेक्षा १३ मायक्रॉनपर्यंत लहान भरू शकतो. शाफ्ट पट्ट्याच्या ताणाखाली फिरू लागला की ती कडी शाफ्टवर हळूहळू सरकते. काही काळाने बेअरिंग काढून पाहिलं, तर जागा घासून चकाकलेली असते आणि गंजासारखी तांबूस पूड दिसते. तोवर जागा ढिली झालेली असते.

हे अक्षर ओळखायचं कसं? बऱ्याच ड्रॉईंगवर अक्षराशेजारी बारीक आकड्यांत दोन मर्यादा दिलेल्या असतात. त्यांतला वरचा आकडा शून्य असेल, तर एच. दोन्ही आकड्यांआधी अधिकचं चिन्ह असेल, वर ०.०१५ आणि खाली ०.००२, तर के. आकडे दिलेच नसतील, तर बेअरिंगची जागा आहे म्हणून के असणार, असं ठरवू नका. बेअरिंग एका बाजूने सरकतं ठेवायचं असेल, तर डिझायनर मुद्दाम वेगळी फिट देतो. इथे विचारण्याला पर्याय नाही. आणि उत्तर येईपर्यंत काम सुरू करावंच लागलं, तर त्या जागी ग्राइंडिंगसाठी जादा मटेरियल ठेवा. मोठा राहिलेला शाफ्ट पुन्हा घासता येतो. १० मायक्रॉन लहान झालेला शाफ्ट मशीनवर पुन्हा मोठा होत नाही.

इंचातल्या ड्रॉईंगबाबत एक इशारा देतो. अमेरिकी ड्रॉईंगवर सर्वसाधारण टॉलरन्स बऱ्याचदा दशांशानंतर किती अंक लिहिले आहेत, यावर ठरतं. तिथे १.५० आणि १.५०० या दोन मापांची टॉलरन्स वेगळी असतात. शेवटचं शून्य फोटोत दिसलं नाही, तर माप तेच राहतं, पण टॉलरन्स सैल वाचलं जातं.

फोटो पाठवणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. कागद सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि फोन कागदाच्या बरोबर वर धरा. आधी पूर्ण कागद चारही कडांसह घ्या. मग टायटल ब्लॉक, त्याच्यावरच्या टिपा आणि प्रत्येक चित्र यांचे जवळून वेगळे फोटो काढा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि बारीक आकडे जातात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोहोचतो. मूळ पीडीएफ असेल तर तीच पाठवा.

आणि वर्कशॉपमधल्या माझ्या मित्रांनो, ज्या आकड्याला ताळा लागत नाही, तो गिऱ्हाइकाला लिहून विचारा. "पुलीची जागा ३८, खाच ६, बेअरिंगची जागा के सिक्स, रिव्हिजन सी, असं धरलं आहे. बरोबर आहे का?" एवढा निरोप पुरतो. त्याचं लेखी उत्तर जॉबच्या कागदाला जोडून ठेवा, आणि ते हातात आल्यावरच शेवटचा कट घ्या.