७ टक्के महाग, १२ टक्के स्वस्त: हप्ता निघतो कसा?

गेल्या महिन्यात मामेभावाचा फोन आला. बाईकसाठी १ लाख कर्ज, २ वर्षांची मुदत. शोरूममधला फायनान्सवाला म्हणतोय ७ टक्के, गावातली पतसंस्था म्हणतेय १२. "दादा, सातवालं घेतो ना? सरळच आहे."

मी म्हटलं, टक्के राहू दे, हप्ता सांग. शोरूमचा हप्ता ४,७५० रुपये आणि पतसंस्थेचा ४,७०७. तो गप्पच झाला. सात टक्क्यांचा हप्ता बारा टक्क्यांपेक्षा जास्त कसा?

याचं उत्तर हप्ता कसा काढतात त्यातच आहे. २४ हप्ते बोलून दाखवले तर तुम्ही झोपाल, म्हणून आधी एक छोटं कर्ज घेऊ. ३०,००० रुपये, वर्षाला १२ टक्के, ३ हप्ते. वर्षाला १२ म्हणजे महिन्याला १ टक्का. हप्ता किती ते माहीत नाही, त्याला E म्हणू.

पहिल्या महिन्यात ३०,००० वर ३०० रुपये व्याज चढतं. म्हणजे बाकी १.०१ पट होते आणि त्यातून E वजा होतो. जे उरलं ते पुन्हा १.०१ पट, पुन्हा E वजा. तिसऱ्या महिन्यात हेच, पण आता शेवटी शून्य उरायला हवं. सगळी गंमत या एका अटीत आहे. बँकेकडे हप्त्याची वेगळी जादू काही नाही, शेवटची बाकी शून्य करणारा आकडा म्हणजे हप्ता.

आता बघा, पहिला E भरल्यावर पुढचे दोन महिने त्यावर व्याज वाचतं, म्हणून तो १.०२०१ पट मोजायचा. दुसरा १.०१ पट, तिसरा जसाच्या तसा. बेरीज ३.०३०१. तिकडे मुद्दल तीन महिन्यांत वाढून ३०,९०९.०३ झालं असतं. भागा, हप्ता आला १०,२००.६६ रुपये.

पडताळून पाहू. पहिल्या हप्त्यात व्याज ३००, मुद्दल ९,९००.६६. बाकी २०,०९९.३४, म्हणून दुसऱ्यात व्याज फक्त २००.९९. तिसऱ्यात १०१. हप्ता तोच, पण आतलं व्याज घटत जातं. यालाच रिड्युसिंग बॅलन्स म्हणतात.

२४ हप्त्यांना अशी बेरीज कोण करत बसणार? पण ती बेरीज म्हणजे अकरावीतली जॉमेट्रिक प्रोग्रेशन आहे. (तेव्हा मीही विचारलं होतं, हे कुठे उपयोगी पडणार!) तिचं सूत्र घातलं की हे मिळतं:

```
EMI = P × r × (1+r)^n / ((1+r)^n − 1)
```

P मुद्दल, n एकूण महिने, r महिन्याचा दर. इथे सगळ्यात जास्त चुका r मध्ये होतात. १२ टक्क्यांसाठी r म्हणजे 12 नाही, 0.12 पण नाही, 0.01. कॉलेजात पहिलं कॅल्क्युलेटर ॲप बनवलं तेव्हा मी 0.12 घातलं होतं आणि हप्ता जवळजवळ तिप्पट आला होता.

मामेभावाचे आकडे घाला, ४,७०७.३५ येतात. मग शोरूमचे ४,७५० आले कुठून? ते ७ टक्के "फ्लॅट" होते. १ लाखाचे ७ टक्के, गुणिले २ वर्षं, १४,००० व्याज. १,१४,००० भागिले २४, झालं. म्हणजे शेवटच्या महिन्यात तुमची बाकी पाच हजारांच्या आत असली तरी व्याज पूर्ण १ लाखावरच! १२ टक्के रिड्युसिंगमध्ये दोन वर्षांचं एकूण व्याज १२,९७६ रुपयेच होतं.

फ्लॅटचा खरा दर काढायचा असेल तर मोबाईलवर गूगल शीट्समध्ये हे टाइप करा:

```
=RATE(24, -4750, 100000)*12
```

उत्तर येतं साधारण १२.९ टक्के. आणि प्रोसेसिंग फी हप्त्यात दिसत नाही, हे लक्षात ठेवा. समजा २,००० फी कापून हातात ९८,००० च आले, तर 100000 च्या जागी 98000 टाका. दर थेट १५ च्या आसपास जातो.

मामेभावाने हे करून पाहिलं आणि पुढचा फोन पतसंस्थेला लावला. फी किती आणि शेअरसाठी किती पैसे कापणार, हे विचारायला. तेवढं कळल्याशिवाय ४,७०७ चा हप्तासुद्धा अर्धीच गोष्ट सांगतो.