रात्री साडेअकराची नोंद



आपल्या प्रत्येक टीमचं काम जिरा, बगझिला किंवा तसल्याच एखाद्या प्रणालीत तिकिटांच्या रूपाने साठत असतं. तिकीट कुणी उघडलं, कुणाकडे गेलं, टेस्टिंगमधून परत कधी आलं, या प्रत्येक हालचालीमागे तारीख आणि वेळ नोंदली जाते. त्या वेळांकडे आपण फक्त डेडलाइन हुकली की बघतो. टीममधलं कोण दमत चाललं आहे हे त्याच वेळांमधून पुष्कळ आधी दिसू शकतं, असं माझं मत आहे. मात्र ते वाचताना चुकाही फार सहज होतात. मला आज एवढंच सांगायचं आहे.

आधी एक अभ्यास सांगतो. फायरफॉक्स ब्राउझरच्या टीमने 2011 मध्ये लांबलचक आवृत्त्या सोडून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायला सुरुवात केली. काही संशोधकांनी या बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदींच्या वेळा ताडून पाहिल्या आणि 2017 मध्ये निष्कर्ष मांडले. इतक्या लवकर लवकर आवृत्ती म्हणजे माणसं रात्रंदिवस जुंपली जाणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात शनिवार-रविवारचं काम कमी झालेलं दिसलं, रात्रीचंही थोडं कमी झालं. एखादी सुधारणा या गाडीला चुकली तर सहा आठवड्यांनी पुढची गाडी आहे, हे माहीत असलं की शेवटच्या रात्रीची धावपळ कमी होत असावी, असं मला वाटतं.

आता आपल्या घरात येऊ. समजा, पुण्यात आठ जणांची टीम आहे आणि ग्राहक न्यूयॉर्कचा. नोंदी काढताना पहिला फास वेळेच्या पट्ट्याचा. प्रणालीतून बाहेर काढलेल्या वेळा पुष्कळदा यूटीसीत असतात, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे शुक्रवारची मध्यरात्र उलटून शनिवार लागतो, तेव्हा फायलीत शुक्रवार संध्याकाळचे 18:30 असतात. शनिवारची पहाट तिथे कामाच्या दिवसात जमा होते. उलट, सकाळी दहाला ऑफिसात बसून केलेली नोंद 04:30 ची म्हणून रात्रपाळी ठरते. म्हणून सगळ्यात आधी हे करा:

```python
t = pd.to_datetime(df["created"], utc=True)
t = t.dt.tz_convert("Asia/Kolkata")
df["raat"] = (t.dt.hour >= 21) | (t.dt.hour < 6)
```

इथे `created` म्हणजे बदलांच्या इतिहासातल्या प्रत्येक नोंदीची वेळ. तिकिटावरचा `updated` घेऊ नका. त्यात फक्त शेवटची वेळ उरते, आधीच्या दहा रात्री पुसल्या जातात.

न्यूयॉर्कसोबत काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. तिथलं घड्याळ नोव्हेंबरात एक तास मागे जातं, आपलं जात नाही. तिथल्या सकाळी अकराची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला असते, हिवाळ्यात साडेनऊला. रात्री नऊनंतरच्या नोंदी नोव्हेंबरात अचानक वाढल्या, तर टीमवर नवं काम पडलं असं लगेच समजू नका. अर्थात, साडेनऊची मीटिंग हाही जाचच आहे, पण त्याचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. रियाधला असलेल्या आपल्या मराठी सहकाऱ्यांच्या नोंदीत रविवार हा साधा कामाचा दिवस असतो, हेही ध्यानात ठेवा.

यानंतर प्रश्न येतो मोजायचं काय. नोंदी मोजू नका, रात्री मोजा. कुणी एका क्लिकमध्ये साठ तिकिटं बंद केली की साठ नोंदी पडतात, आणि रात्री दोनला बिल्ड चालवणारी स्क्रिप्ट तर रोजच नोंदी टाकते. स्क्रिप्टची खाती वगळा. मग प्रत्येक माणसासाठी एवढंच पाहा: या आठवड्यात किती रात्री त्याची निदान एक नोंद आहे? आणि रात्रीच्या शेवटच्या नोंदीपासून सकाळच्या पहिल्या नोंदीपर्यंत किती तास गेले? युरोपीय संघाच्या कामाच्या वेळेच्या नियमात रोज सलग 11 तास विश्रांती सांगितली आहे. ती मोजपट्टी मला बरी वाटते. आपल्याकडे तो नियम लागू नाही, पण झोप, जेवण आणि प्रवास इथल्या माणसालाही लागतोच.

आपल्या कल्पनेतल्या टीममध्ये दहा आठवड्यांत रात्रीच्या नोंदींचं एकूण प्रमाण जवळपास सारखंच आहे. सरासरी पाहणारा इथेच थांबतो. माणसागणिक पाहिलं की दोघी वेगळ्या दिसतात. एक डेव्हलपर आठवड्यातून चार रात्री दहा ते बारा काम करते, पण दहाही आठवडे तसंच, आणि सकाळी तिची पहिली नोंद अकरानंतरची. मुलं झोपल्यावर काम करायचं हे तिनं ठरवलेलं आहे. तिच्या वेळापत्रकाला हात लावायचं कारण नाही. दुसरी टेस्टर आहे. पहिले पाच आठवडे तिची आठवड्याला जेमतेम एक रात्र. सहाव्यापासून तीन, मग चार, रात्रीची शेवटची नोंद साडेअकराची, आणि सकाळी साडेनऊला ती पुन्हा हजर. साडेअकरा ते साडेनऊ म्हणजे दहाच तास. कोण रात्री काम करतं यापेक्षा कोण स्वतःच्या नेहमीच्या वेळेपासून सरकलं आणि परत आलं नाही, हे पाहायचं असतं. एखादा आठवडा रिलीजचा असतो, गणपतीच्या सुट्टीआधीचा असतो, तो मी सोडून देतो. तीन आठवडे सलग सरकलेलं दिसलं की मी थांबत नाही.

या टेस्टरच्या रात्रींचं कारण तिच्या नोंदीत सापडत नाही. तिच्याकडे येणारी तिकिटं मागे मागे चाळावी लागतात. पूर्वी ती दुपारी तीनच्या सुमारास टेस्टिंगला येत, आता संध्याकाळी सात-आठला येतात. आणखी मागे गेलं की दिसतं, तिकीट कोड तपासणीत अर्धा दिवस थांबायचं ते आता दीड दिवस थांबतं, कारण पाचव्या आठवड्यात तपासणाऱ्या दोघांपैकी एकाला दुसऱ्या प्रोजेक्टवर नेलं. जागा रिकामी झाली एकीकडे आणि जागरण आलं दुसरीकडे. टेस्टरला ‘वेळेचं नियोजन शिक’ असं सांगणं हा तिच्यावर अन्याय झाला असता. तपासणीला दुसरा माणूस द्यावा लागेल, आणि दुपारी चारनंतर आलेलं तिकीट दुसऱ्या दिवशीच तपासायचं असं ग्राहकाला सांगून ठरवावं लागेल.

या नोंदींत जे दिसत नाही तेही मोठं आहे. फोनवर, कोडमध्ये, चॅटवर गेलेला रविवार तिकिटात उमटत नाही. सोमवारी सकाळी नऊ ते साडेनऊ एकाच माणसाची दहा तिकिटं धडाधड पुढे सरकली असतील, तर बहुधा काम शनिवार-रविवारीच झालेलं असतं. आणि हे आकडे वार्षिक मूल्यमापनात गेले, की लोक रात्री काम करून नोंद सकाळी टाकायला लागतात. मग काहीच दिसत नाही. म्हणून माणसागणिक तक्ता त्या माणसाला स्वतःला आणि त्याच्या टीम लीडला दिसावा, त्यापलीकडे कुणाला नाही. वरच्यांना ‘तपासणीत दीड दिवस’ एवढं कळलं की पुरे.

लीडनेही तक्ता पुढे ठेवून जाब विचारू नये. ‘गेले काही आठवडे तिकिटं तुझ्याकडे उशिरा येतायत ना?’ असं विचारावं. टेस्टर बहुतेक वेळा स्वतःच सांगते, आणि तिकिटांत नसलेलंही सांगते. उपाय केल्यावर पुढचे तीन-चार आठवडे तेच मोजत राहा. रात्री कमी झाल्या आणि सोमवार सकाळची ती दहा तिकिटं दिसायला लागली, तर जागरण रविवारवर सरकलं आहे, आणि मग तिच्याशी पुन्हा बोलावं लागेल.